गुणपडताळणीत ‘बदल नाही’ आलं, तरी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा का?

प्रश्न: १०० गुणांच्या पेपरात ३६ मिळाले, पास व्हायला ४० लागतात. गुणपडताळणी केली, उत्तर आलं ‘बदल नाही’. पुनर्मूल्यांकनाची शेवटची तारीख सहा दिवसांवर आहे. अर्ज करू का? परत त्याच सरांकडे पेपर गेला तर? गुण आणखी कमी झाले तर? मित्र म्हणतो, सरळ कोर्टात जा.

उत्तर:

मी बरीच वर्षं परीक्षक आणि नियामक, म्हणजे परीक्षकांनी तपासलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा बघणारा, म्हणून काम केलं, नंतर परीक्षाविषयक तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर बसलो. तेवढ्या अनुभवावर बोलतो. तुमच्या संस्थेची नियमावली माझ्यासमोर नाही, त्यामुळे जिथे नियमावर सगळं अवलंबून आहे तिथे तसं स्पष्ट सांगतो. ती कलमं तुम्ही स्वतः वाचून घ्या.

आधी त्या ‘बदल नाही’चं ओझं उतरवा. गुणपडताळणीत उत्तर कुणीही वाचत नाही. कारकून किंवा एखादा शिक्षक उत्तरपत्रिका उघडतो आणि मोजक्या गोष्टी बघतो: प्रत्येक उत्तराला गुण दिलेत का, आतले गुण मुखपृष्ठावरच्या तक्त्यात बरोबर उतरलेत का, बेरीज जुळते का, पुरवण्या जोडलेल्या आहेत का, आणि तोच आकडा निकालात गेला का. यात सगळं जुळलं की शिक्का बसतो. तुमचं बरोबर उत्तर परीक्षकांनी चूक ठरवलं असेल, तर पडताळणीला ते दिसणारच नाही, कारण बेरीज तर बरोबर आहे. म्हणजे ‘बदल नाही’ याचा अर्थ एवढाच की हिशेबात चूक नाही. गुणदानाबद्दल अजून कुणी काहीच म्हटलेलं नाही.

गुणांवरच्या तक्रारी साधारण तीन जातीच्या असतात, आणि प्रत्येकीचं दार वेगळं आहे. पहिली हिशेबाची, तिचं दार पडताळणी. दुसरी गुणदान योजनेची: योजनेत ज्या टप्प्याला दोन गुण लिहिलेत तो टप्पा तुमच्या उत्तरात आहे, पण गुण मिळालेले नाहीत. तिसरी मताची: उत्तर वर्णनात्मक आहे, परीक्षकांना ते सामान्य वाटलं, तुम्हाला चांगलं वाटतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्हींसाठी लोक पुनर्मूल्यांकनाचाच अर्ज करतात, पण त्यांचं भवितव्य सारखं नसतं. दुसऱ्या जातीची तक्रार टिकते, कारण ती कागदावर दाखवता येते. तिसऱ्या जातीत काय होईल हे कुणीच सांगू शकत नाही. ‘पेपर चांगला गेला होता’ हे वाक्य अर्जात असून नसून सारखंच, कारण ते तिन्हींपैकी कशातच बसत नाही.

तुमची तक्रार कोणत्या जातीची आहे हे छायाप्रत पाहिल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून पुनर्मूल्यांकनाचं ठरवण्याआधी, आजच, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागा आणि त्याच अर्जात गुणदान योजना किंवा आदर्श उत्तरंही मागा. योजना सगळीकडे देत नाहीत. नाही मिळाली तर प्रश्नपत्रिकेतली गुणविभागणी आणि त्या विषयाच्या शिक्षकांची मदत यावर भागवावं लागतं. पण मागणी लेखी केलेली असावी, पुढे उपयोगी पडते.

छायाप्रत हातात आली की बहुतेक जण थेट सगळ्यात कमी गुणांच्या उत्तराकडे धावतात. तसं करू नका. आधी पानं मोजा. मुखपृष्ठावर किती पुरवण्या जोडल्याची नोंद आहे आणि प्रत्यक्ष किती आहेत ते बघा. जिथे उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासतात, तिथे ही पायरी जास्त महत्त्वाची. स्कॅन करताना दोन पानं एकत्र जातात, फिकट शाईतला किंवा पेन्सिलीतला मजकूर उमटत नाही, समासाला टेकलेली ओळ कापली जाते. परीक्षकांना जे दिसलंच नाही त्याला ते गुण देऊ शकत नाहीत. पडताळणी करणाराही तोच स्कॅन बघत असेल, तर चूक पुन्हा तशीच निसटते. पान गहाळ दिसलं तर पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाने काम होत नाही. तोच अपुरा स्कॅन दुसऱ्या परीक्षकाकडे जाईल. अशा वेळी मूळ कागदी उत्तरपत्रिका काढून पुन्हा स्कॅन करण्याची मागणी वेगळी आणि आधी करायची.

मग पेन बाजूला ठेवून परीक्षकांच्या खुणा वाचा. ज्या पानावर लिखाण आहे पण बरोबर, चूक, रेघ काहीच नाही, ते पान उघडलं गेलं नसावं. उत्तर पुढच्या पानावर सुरू राहिलं आणि गुण मात्र पहिल्या पानाच्या तळाशीच पडलेत, हेही तसंच. मोठ्या गणितात एका ओळीवर फुली आणि त्यानंतर उभी रेघ सरळ खालपर्यंत ओढलेली असेल, तर परीक्षक त्या ओळीवर थांबले असं समजा. तिथे वेळ द्या, टिकणाऱ्या तक्रारी बहुधा तिथेच सापडतात.

आता एक उदाहरण आकड्यांसकट घेऊ. समितीपुढे अशा धाटणीची प्रकरणं नेहमी येतात, आकडे मी तुमच्या ३६ ला बसवले आहेत. प्रत्येकी २० गुणांचे पाच प्रश्न. मुखपृष्ठावर ९, ६, ६, ८, ७. बेरीज ३६, म्हणून पडताळणीत बदल नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे दोन भाग, दहा-दहा गुणांचे. ‘अ’मध्ये विद्यार्थिनीने चिन्हाची चूक केली, उत्तर चुकलं, ४ गुण मिळाले. हे योग्यच आहे. ‘ब’ची सुरुवात ‘अ’च्या उत्तरापासून होते. तिने आपलं चुकीचं उत्तर पुढे नेलं, सूत्र बरोबर लिहिलं, किंमत बरोबर जागी घातली, आकडेमोडही त्या किमतीप्रमाणे बरोबर केली, फक्त शेवटी पूर्णांकन चुकलं आणि एकक लिहिलं नाही. परीक्षकांनी सूत्राचे २ दिले, पुढच्या ओळीतली किंमत आदर्श उत्तराशी जुळेना म्हणून फुली मारली आणि रेघ ओढली. ‘ब’ला एकूण २.

योजनेत ‘ब’ची विभागणी अशी: सूत्र २, किमती घालणं २, आकडेमोड ४, एककासह निष्कर्ष २. शिवाय तळटीप होती की आधीच्या भागातली चूक पुढे आली असेल तर गुण पुन्हा कापू नयेत. अशी तळटीप बऱ्याच योजनांमध्ये असते. एकाच चुकीसाठी दोनदा शिक्षा नको, हा त्यामागचा विचार. त्या तळटिपेप्रमाणे हिशेब केला तर सूत्राचे २, किमतीचे २, आकडेमोडीचे पूर्णांकनाचा एक वजा करून ३, निष्कर्षाचे शून्य. एकूण ७. मिळाले होते २. म्हणजे पाच गुणांची जागा इथे आहे, आणि ती मतावर उभी नाही, कागदावर आहे.

पाचव्या प्रश्नाचा ‘ब’ भाग वर्णनात्मक, १० पैकी ४ मिळालेले. विद्यार्थिनीच्या मते सहा-सात हवे होते. योजनेत चार मुद्दे प्रत्येकी दोन गुणांचे आणि मांडणीला दोन. तिने दोन मुद्दे नीट लिहिले होते, तिसरा अर्धवट. कुणी ४ देईल, कुणी ५, उदार परीक्षक ६. हे निव्वळ मताचं. याला हिशेबात शून्य धरा.

आणि आता कुणी सहसा करत नाही ते: आपल्या विरुद्ध जाणाऱ्या जागाही मोजा. पहिल्या प्रश्नात ४ गुणांची आकृती होती, दोन आकृतीचे आणि दोन नावं देण्याचे. तिने नावं दिलीच नव्हती, तरी परीक्षकांनी ३ दिले होते. नवा परीक्षक काटेकोर असेल तर २ देईल. वजा एक.

३६ अधिक ५ वजा १, बरोबर ४०. काठावर पास. इथपर्यंत आलं की बहुतेकांना वाटतं झालं, अर्ज भरा. खरा प्रश्न इथूनच सुरू होतो, आणि तो नियमावलीतल्या एका ओळीत असतो.

अनेक संस्था पुनर्मूल्यांकनातला फरक एका मर्यादेपलीकडे असेल तरच मान्य करतात. कुठे कमाल गुणांच्या पाच टक्के, कुठे दहा. त्यामागे कारण आहे: दोन प्रामाणिक परीक्षकांत दोन-चार गुणांचा फरक पडतोच, तो प्रत्येक वेळी मान्य केला तर अर्ज करणाऱ्याला फुकटचा फायदा आणि न करणाऱ्यावर अन्याय. पण आपल्या उदाहरणात याचा परिणाम बघा. मर्यादा पाच टक्के, म्हणजे ५ गुण. पुनर्मूल्यांकनात झाले ४०, फरक ४. फरक मर्यादेच्या आत, म्हणून मूळ ३६ कायम. विद्यार्थिनीची चूक शोधण्याची मेहनत बरोबर, नव्या परीक्षकाने ती मान्यही केली, आणि निकाल मात्र तोच. काही नियमावल्यांत अपवाद असतो, की फरकाने नापासाचा पास होत असेल तर मर्यादा लागू नाही. तो अपवाद तुमच्याकडे आहे की नाही, हे अर्जाआधी शोधायची पहिली गोष्ट.

अपवाद नसेल तर पुनर्मूल्यांकनाबरोबर दुसरं एक पत्र द्यावं लागतं. त्यात ‘माझे गुण वाढवा’ म्हणायचं नाही. ‘प्रश्न ३ ब मध्ये मंजूर गुणदान योजनेची तळटीप लागू केलेली नाही, ती लागू करावी’ असं म्हणायचं. मताच्या फरकाला मर्यादा लावणं समजू शकतं, पण संस्थेने स्वतःच मंजूर केलेली योजना पाळली गेली नसेल तर ती चूक आहे, आणि चुकीला मर्यादा लावण्याचं समर्थन करणं कुठल्याही समितीला जड जातं. इंग्लंडमध्ये परीक्षांवर देखरेख करणाऱ्या तिथल्या संस्थेने २०१६ पासून हाच भेद नियमात आणला: फेरतपासणीत गुणदानातली चूक सापडली तरच गुण बदलायचे, दुसऱ्या परीक्षकाचं मत वेगळं पडलं एवढ्यावर नाही. तुमच्या संस्थेचा नियम तसा नसला तरी हा युक्तिवाद उपयोगी आहे.

उलट बाजूलाही एक नियम बघा. मूळ आणि नव्या गुणांत फार मोठा फरक पडला तर बऱ्याच ठिकाणी उत्तरपत्रिका तिसऱ्या परीक्षकाकडे जाते आणि जवळच्या दोघांची सरासरी धरतात. आपल्या उदाहरणात तसं होणार नाही, पण तुमच्या उत्तरपत्रिकेत एखादं अख्खं पान तपासायचं राहिलं असेल तर होऊ शकतं. त्यासाठी लागणारा वेळ हिशेबात धरा.

आता ‘तेच सर’ या प्रश्नाकडे. व्यवस्थित पद्धतीत मूळ परीक्षकाकडे उत्तरपत्रिका जात नाही. पण मला विचाराल तर नाव बदलणं हा संरक्षणाचा छोटा भाग आहे. मोठा भाग असा, की नव्या परीक्षकाला जुने गुण दिसता कामा नयेत. समासात ‘२’ लिहिलेला दिसला की माणूस नकळत दोन-तीनच्या आसपासच घोटाळतो. सात द्यायला त्याला मनाशी कारण शोधावं लागतं. म्हणून जुन्या खुणा आणि गुण झाकून प्रत काढतात, किंवा पडद्यावरच्या तपासणीत खुणांचा थर काढून कोरी स्कॅन प्रत देतात. नाव आणि आसन क्रमांक झाकून सांकेतिक क्रमांक दिलेला असतो. आणि तुमची उत्तरपत्रिका ‘अर्जदाराची’ म्हणून एकटी न पाठवता इतरांबरोबर पाठवणं सगळ्यात चांगलं, कारण ही तक्रारीतली आहे हे कळलं की काही परीक्षक उदार होतात आणि काही उगाच कडक.

हे सगळं तुमच्या बाबतीत पाळलं गेलं का, हे ओळखायचं कसं? निकालानंतर पुनर्मूल्यांकित उत्तरपत्रिकेची प्रत मागता येत असेल तर मागा. दुसऱ्या परीक्षकाचे गुण वेगळ्या तक्त्यावर, प्रश्न आणि उपप्रश्ननिहाय असतील तर पद्धत नीट पाळली असावी. जुन्या आकड्याशेजारीच वेगळ्या शाईत नवा आकडा असेल, तर जुने गुण त्यांना दिसत होते हे उघड आहे. प्रत्येक उपप्रश्नाला तोच आकडा पुन्हा लिहिलेला असेल तर संशयाला जागा आहे. वीस-बावीस उपप्रश्नांत दोन स्वतंत्र माणसांचे सगळे आकडे जुळणं जवळजवळ अशक्य असतं.

का अशक्य, याची जुनी साक्ष आहे. अमेरिकेत १९१२ साली डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती शाळाशाळांतून पाठवल्या. १४२ शिक्षकांनी तपासल्या. त्यांतल्या एकीचे गुण पन्नाशीपासून नव्वदीपलीकडे पसरले. भाषेचा विषय आहे म्हणून असं झालं, अशी टीका झाली, तेव्हा पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली, आणि तिथेही तसाच प्रचंड फरक निघाला. आज योजना, नियामक आणि नमुना तपासणी यांमुळे हा पसारा खूप आवळला गेलाय, शून्य मात्र झालेला नाही. हे मी तुमची आशा वाढवायला सांगत नाही. फरक दोन्ही दिशांना पडतो.

म्हणून गुण कमी होण्याची भीती. इथे तीन प्रकारचे नियम दिसतात: नवे गुण जे येतील ते बंधनकारक, वाढ झाली तरच लागू, किंवा घटही ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तर लागू. तुम्ही ३६ वर नापासच आहात, त्यामुळे ३४ झाले तरी व्यवहारात फारसं बिघडत नाही. एकूण टक्केवारी किंवा सवलतीचे गुण यांत दोन गुणांनी फरक पडत असेल तेवढं तपासा. ४१ वर काठावर पास झालेल्याने श्रेणी वाढवण्यासाठी अर्ज करणं हा मात्र खरा जुगार आहे, आणि बंधनकारक नियम असेल तर मी त्याला करू नको असंच सांगतो.

वेळेचं बघू, कारण तुमच्याकडे सहाच दिवस आहेत. मुदत कुठल्या दिवसापासून मोजतात यावर सगळं आहे. काही ठिकाणी निकाल जाहीर झाल्यापासून, काही ठिकाणी छायाप्रत मिळाल्यापासून. दुसरा प्रकार असेल तर निवांत रहा, छायाप्रत येऊ द्या. पहिला असेल तर छायाप्रत येईपर्यंत अर्जाची मुदत संपू शकते. पडताळणीचं उत्तर यायला लागलेले दिवस आपोआप वाढवून मिळतील असं गृहीत धरू नका, सहसा मिळत नाहीत. उद्याच परीक्षा विभागाला ईमेल करून विचारा की मुदत कशापासून धरली जाते. उत्तर लेखी हवं. खिडकीवरच्या माणसाने तोंडी दिलेला दिलासा सातव्या दिवशी कुणाला आठवत नाही.

चौथ्या दिवसापर्यंत छायाप्रत आली नाही, तर छायाप्रतीची वाट न बघता पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरून टाका आणि त्यात एक ओळ घाला: ‘छायाप्रतीसाठी अमुक तारखेला अर्ज केला आहे, प्रत मिळाल्यानंतर तपशीलवार मुद्दे सादर करण्याचा हक्क राखून हा अर्ज मुदतीत सादर करत आहे.’ शुल्क वाया जाण्याचा धोका आहे, पण मुदत गेली तर पुढचं प्रत्येक दार ‘आधीच्या पायरीवर वेळेत अर्ज नाही’ म्हणून बंद होतं. पोचपावती घ्या. ऑनलाइन अर्ज असेल तर अर्ज क्रमांक आणि पैसे भरल्याची तारीख दिसेल असं पान साठवून ठेवा. पैसे कापले गेले पण अर्ज ‘अपूर्ण’ राहिला, असं शेवटच्या दिवशी भरणाऱ्यांच्या बाबतीत सारखं होतं.

छायाप्रत वेळेत आली तर अर्जासोबत एक पानाचं पत्र जोडा. एक पान, जास्त नाही. त्याचा गाभा असा असावा:

‘प्रश्न ३ ब (उत्तरपत्रिका पान ११, ओळ ६ ते १८). मिळालेले गुण २. मंजूर योजनेनुसार आधीच्या भागातील चूक पुढे आल्यास गुण पुन्हा कापायचे नाहीत. सूत्र, किमती घालणे व आकडेमोड हे टप्पे उत्तरात आहेत. पान ११ वरील ओळ ९ नंतर फक्त उभी रेघ आहे, टप्प्यांवर तपासणीच्या खुणा नाहीत. कृपया हे टप्पे योजनेनुसार तपासावेत.’

यात परीक्षकांबद्दल एक शब्द नाही, अपेक्षित गुणांचा आकडा नाही, घरची परिस्थिती नाही. आकडा मुद्दाम गाळायचा, कारण तो लिहिला की वाचणारा तुमच्या आकड्याशी भांडत बसतो. आणि पाचव्या प्रश्नाचा उल्लेख करू नका. एक भक्कम आणि चार लेचेपेचे मुद्दे एकत्र दिले की समिती लेच्यापेच्यांना उत्तर देऊन फाइल बंद करते. मी स्वतः अशा फाइली बंद होताना पाहिल्यात.

हे पत्र नव्या परीक्षकाला दाखवलं जाईलच असं नाही. नाव आणि जुने गुण झाकून होणाऱ्या तपासणीत ते दाखवूही नये. त्याचा उपयोग पुढच्या पायरीवर आहे: पुनर्मूल्यांकनातही ३ ब ला २ च राहिले, तर ‘मी हा मुद्दा वेळेत मांडला होता आणि त्यावर कारण मिळालेलं नाही’ असं तुम्हाला म्हणता येतं. अपिलाचा किंवा तक्रार निवारण समितीचा खरा विषय तो असतो. समिती स्वतः पेन घेऊन गुण देत नाही. ती बघते की परीक्षक पात्र होते का, योजना लागू केली का, हितसंबंध होते का, ओळख झाकली होती का, ठरलेल्या दिवसांत निर्णय दिला का, आणि नकार दिला तर कारण लेखी दिलं का. यांतलं काही चुकलेलं दिसलं तर ती पुन्हा मूल्यांकनाचा आदेश देते. म्हणून तिथे ‘मला जास्त गुण हवे होते’ असं सांगणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘तळटीप लागू केली नाही आणि कारणही दिलं नाही’ असं सांगणाऱ्याचं ऐकावं लागतं. समितीत तुमचे मूळ परीक्षक किंवा विभागप्रमुख बसलेले असतील तर सुनावणीआधीच लेखी हरकत घ्या. सुनावणी झाल्यावर घेतलेली हरकत निकाल विरुद्ध गेल्याची चिडचिड वाटते.

प्रश्नच चुकीचा किंवा अभ्यासक्रमाबाहेरचा होता, अशी तक्रार असेल तर ती या वाटेने नेऊ नका. ती सगळ्या परीक्षार्थींची बाब आहे, तिची मुदत बहुधा परीक्षेनंतर लगेच असते आणि तिचा निर्णय सगळ्यांना लागू होतो.

आता कोर्ट. तुमच्या मित्राला सांगा, कोर्टही उत्तरं तपासत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात पुनर्मूल्यांकन नाकारणारा नियम वैध ठरवला, म्हणजे नियमात तरतूद नसेल तर तो आपोआप मिळणारा हक्क नाही. २०११ साली त्याच न्यायालयाने माहिती अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि तिची प्रत मिळवण्याचा परीक्षार्थीचा हक्क मान्य केला. छायाप्रत अडवली तर ही वाट आठवा, पण तिला लागणारा वेळ तुमच्या सहा दिवसांत बसणार नाही. विद्यापीठांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या इंग्लंडमधल्या स्वतंत्र यंत्रणेलाही शैक्षणिक मताचा फेरविचार करता येत नाही, ती कार्यपद्धतीच बघते. सगळीकडे सूर हाच आहे, त्यामुळे खालच्या पायऱ्यांवर कार्यपद्धतीची नोंद करून ठेवली नसेल तर वकिलाच्या हातात द्यायला काहीच उरत नाही.

शेवटचं, आणि हे पुनर्मूल्यांकनाच्या निकालावर अवलंबून नाही: पुढच्या फेरपरीक्षेचा अर्ज आणि शुल्क भरून टाका. फेरपरीक्षेच्या अर्जाची मुदत पुनर्मूल्यांकनाच्या निकालाआधी संपणं ही नेहमीची गोष्ट आहे. नियमाप्रमाणे पुनर्मूल्यांकनात पास झालात तर फेरपरीक्षेचा अर्ज रद्द करून शुल्क परत किंवा पुढे वळतं करता येतं का, ते त्याच ईमेलमध्ये विचारा. पुढच्या वर्गाचा प्रवेश अडणार असेल तर ‘पुनर्मूल्यांकन प्रलंबित’ असं परीक्षा विभागाचं पत्र मागून घ्या आणि त्याच्या आधारे तात्पुरता प्रवेश मिळतो का बघा. छायाप्रत आल्यावर ३ ब सारखी जागा सापडली तर प्रश्न क्रमांक, पान आणि योजनेतली ओळ इथे टाका, नाव आणि आसन क्रमांक झाकून. मी बघून सांगेन की ती दुसऱ्या जातीची आहे की तिसऱ्या.